दोन लाख पटींतून शंभर पट

मातीचा सामू मोजताना प्रयोगशाळेत जी काचेची नळी मातीच्या पाण्यात बुडवतात, तिच्या टोकाला पातळ काचेचा छोटा फुगा असतो. सामू एका अंकाने बदलला की खोलीच्या तापमानाला या फुग्याच्या आत आणि बाहेर मिळून सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. एवढं व्होल्टेज साधा मल्टिमीटरही दाखवेल असं वाटतं. प्रत्यक्षात मीटर लावला की आकडा कोसळतो. ते व्होल्टेज बाहेर येतं ते त्या काचेतूनच, आणि काचेचा रोध शंभर मेगाओहमच्या घरात असतो. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध असतो दहा मेगाओहम. दोघे एकसर जोडले गेले की व्होल्टेजचा जेमतेम अकरावा हिस्सा मीटरच्या वाट्याला येतो, बाकी सगळं काचेतच राहतं.

याच्या अगदी उलट गरज फोटोडायोडची. बोटाला चिमट्यासारखा लावायचा पल्स ऑक्सिमीटर कोविडच्या काळात घरोघरी पोचला, त्याच्या आत हा फोटोडायोड बसलेला असतो. त्याच्यावर उजेड पडला की तो करंट देतो, तोही मायक्रोअँपिअरच्या मापातला किंवा त्याहून कमी. हा करंट मोठ्या रोधातून नेला आणि डायोडवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास व्होल्टेज साचलं, की डायोड तो करंट स्वतःतच जिरवू लागतो. म्हणून त्याला समोरच्या यंत्राचा इनपुट रोध जवळपास शून्य लागतो.

एकाला शक्य तितका मोठा रोध हवा, दुसऱ्याला शक्य तितका लहान. तरीही दोन्ही ठिकाणी एकाच जातीचा ॲम्प्लिफायर वापरता येतो. त्याच्या आउटपुटमधून एक तार परत इनपुटकडे आणलेली असते. ती येणाऱ्या सिग्नलशी एकसर जोडायची की समांतर, एवढ्या एका निर्णयावर तो रोध अब्जावधी ओहमकडे जाईल की चार-पाच ओहमवर येईल हे ठरतं.

ही तार मुद्दाम उलट्या दिशेने जोडायची कल्पना हॅरॉल्ड ब्लॅक यांची. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये ते काम करत. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर एकामागून एक शेकडो ॲम्प्लिफायर लागत आणि प्रत्येकाने आवाजात घातलेला थोडासा बिघाड पुढच्याकडे जाऊन वाढत राही. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी होबोकेनहून मॅनहॅटनला जाणाऱ्या फेरीबोटीत कामावर निघालेल्या ब्लॅक यांना मार्ग सुचला आणि हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर त्यांनी आकृती काढून ठेवली. ॲम्प्लिफायर गरजेपेक्षा खूप जास्त पटीचा बनवायचा, मग त्याच्या आउटपुटचा छोटा अंश इनपुटमधून वजा करायचा. वाढवण्याची बरीचशी ताकद त्यात खर्च होते, पण जी पट शिल्लक राहते ती विश्वासार्ह असते. मेहनतीने मिळवलेली पट अशी घालवायची ही गोष्ट त्या काळच्या तज्ज्ञांना पटणं कठीण होतं. १९२८ साली केलेल्या अर्जाचं अमेरिकी पेटंट हाती यायला १९३७ उजाडलं. ब्लॅक यांना हवा होता तो बिघाडरहित आवाज. रोधांमधला बदल हा त्याच वजाबाकीचा दुसरा परिणाम, आणि मला स्वतःला तो अधिक मोहक वाटतो, कारण तो साध्या भागाकार-गुणाकारात डोळ्यांसमोर उलगडतो.

उदाहरणाला ७४१ ही चिप घेऊ. फेअरचाइल्ड कंपनीने १९६८ साली आणलेली ही चिप आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सापडते. तिला दोन इनपुट असतात, आणि त्या दोन इनपुटमधला फरक ती सुमारे दोन लाख पटींनी वाढवते. दोन इनपुटांमधला रोध साधारण दोन मेगाओहम, आउटपुटचा रोध ७५ ओहम. हे आकडे चिपगणिक बरेच बदलतात, म्हणूनच ही चिप मोकळी, फीडबॅकशिवाय, कोणी वापरत नाही.

आपल्याला शंभर पट हवी आहे. आउटपुटपासून जमिनीपर्यंत, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या तारेपर्यंत, ९९ किलोओहम आणि १ किलोओहम असे दोन रोध एकापुढे एक लावायचे. त्यांच्या मधल्या जोडावर आउटपुटचा बरोबर शंभरावा भाग मिळतो. तो चिपच्या उणे इनपुटला द्यायचा आणि आपला सिग्नल अधिक इनपुटला. झाला एकसर फीडबॅक, ज्याला अभियंते सिरीज फीडबॅक म्हणतात. सिग्नलचं व्होल्टेज आणि परत आलेलं व्होल्टेज एकाच वाटेवर समोरासमोर उभे असतात आणि चिपला दिसतो फक्त त्यांच्यातला फरक.

आता इनपुटला ५० मिलिव्होल्ट द्या. आउटपुटला पाच व्होल्ट येतात. पाच व्होल्ट उभे करायला दोन लाख पटीच्या चिपला स्वतःच्या दोन इनपुटांमध्ये लागतो फक्त २५ मायक्रोव्होल्टचा फरक. म्हणजे ५० मिलिव्होल्टच्या समोर परत आलेलं व्होल्टेज जवळजवळ तेवढंच, ४९.९७५ मिलिव्होल्ट, उभं आहे. चिपच्या दोन मेगाओहमवर पडतात ते हे २५ मायक्रोव्होल्ट, आणि त्यातून वाहतो साडेबारा पिकोअँपिअर करंट. सिग्नल देणाऱ्याच्या बाजूने पाहा: त्याने ५० मिलिव्होल्ट दिले आणि त्याच्याकडून साडेबारा पिकोअँपिअर घेतले गेले. भागाकार करा, चार गिगाओहम येतात. चिपमधला दोन मेगाओहमचा रोध होता तिथेच आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही.

दोन टाक्या नळीने जोडल्या आहेत अशी कल्पना करा. एका टाकीतली पातळी वर चढवली की नळीतून पाणी धावतं. पण कोणी दुसऱ्या टाकीतली पातळीही लगोलग जवळपास तेवढीच चढवत असेल, तर नळी कितीही रुंद असली तरी पाणी जेमतेम झिरपतं. पहिल्या टाकीकडून पाहणाऱ्याला नळी फार अरुंद आहे असंच वाटेल. सिरीज फीडबॅक इनपुटला हेच करतो.

हे वाचून सामू मोजणाऱ्याने ७४१ घेतली तर मात्र तो फसेल, आणि का फसेल हे समजून घेण्यासारखं आहे. ७४१ च्या आतल्या ट्रान्झिस्टरना चालू राहण्यासाठी प्रत्येक इनपुटमधून सतत ८० नॅनोअँपिअरच्या आसपास करंट लागतो, सिग्नल असो वा नसो. सिग्नलमुळे वाहणाऱ्या साडेबारा पिकोअँपिअरच्या हा सहा हजारांहून अधिक पट आहे. फीडबॅक त्याला कमी करत नाही. रोध म्हणजे व्होल्टेज बदललं की करंट किती बदलतो याचं माप. जो करंट बदलतच नाही, तो या हिशोबात येत नाही. शंभर मेगाओहमच्या काचेतून ८० नॅनोअँपिअर न्यायचे तर आठ व्होल्ट लागतील, आणि आपला सिग्नल आहे ५९ मिलिव्होल्टचा. हे ताडून पाहायला इलेक्ट्रोडही नको. आपल्या शंभर पटीच्या सर्किटमध्ये इनपुट आणि जमीन यांच्यात एक मेगाओहमचा रोध लावा, सिग्नल काहीही देऊ नका, तरी आउटपुट आठ व्होल्टच्या आसपास जाऊन बसेल. म्हणून सामूच्या मीटरमध्ये फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टरच्या इनपुटची चिप घालतात, जिचा हा करंट काही पिकोअँपिअर किंवा त्याहून कमी असतो. फीडबॅकची जोडणी मात्र तीच, एकसर.

आता आउटपुटची बाजू. मोकळ्या चिपमधून दहा मिलिअँपिअर काढले तर आतल्या ७५ ओहमवर पाऊण व्होल्ट पडेल आणि बाहेर तेवढं कमी मिळेल. फीडबॅक असताना काय होतं? आउटपुट खाली घसरायला लागलं की त्याचा शंभरावा भागही घसरतो, इनपुटमधला फरक वाढतो आणि चिप आतून जोर लावते. पाऊण व्होल्ट भरून काढायला तिला फरकात वाढ लागते पावणेचार मायक्रोव्होल्टची. ही वाढ मिळायला आउटपुट त्याच्या शंभर पट, म्हणजे ३७५ मायक्रोव्होल्ट, घसरावं लागतं. दहा मिलिअँपिअरला एवढीच घसरण, म्हणजे बाहेरून दिसणारा रोध ०.०३७५ ओहम. ७५ चा दोन हजारावा भाग.

इनपुटचा रोध दोन हजार पटींनी वाढला, आउटपुटचा दोन हजार पटींनी घटला. हा दोन हजारांचा आकडा कुठून आला? चिपची पट दोन लाख होती आणि आपण शंभरच घेतली. उरलेली दोन हजार पट या दोन्ही सुधारणांत लागली. पुस्तकांत हाच आकडा 1 + Aβ असा लिहितात: A म्हणजे चिपची मूळ पट, β म्हणजे आउटपुटचा परत आणलेला अंश, इथे शंभरावा. त्यातला एक मिळवून नेमकं उत्तर २००१ येतं.

आता तीच तार दुसऱ्या पद्धतीने जोडू. फोटोडायोड थेट उणे इनपुटला लावायचा, अधिक इनपुट जमिनीला, आणि आउटपुटपासून उणे इनपुटपर्यंत एक मेगाओहमचा एकच रोध. चिप मात्र टीएल०७१ घेऊ, कारण तिचा इनपुट करंट पिकोअँपिअरमध्ये आहे आणि पट ७४१ सारखीच, दोन लाखांच्या आसपास. इथे परत येणारा करंट आणि डायोडचा करंट एकाच बिंदूवर मिळतात आणि वजाबाकी करंटची होते. हा शंट फीडबॅक.

डायोडने एक मायक्रोअँपिअर दिला. तो चिपच्या इनपुटात जाऊ शकत नाही, त्याला एकच वाट आहे: एक मेगाओहममधून आउटपुटकडे. त्यासाठी आउटपुट एक व्होल्टवर जातं. एक व्होल्टसाठी चिपला इनपुटवर हवेत एक भागिले दोन लाख, म्हणजे पाच मायक्रोव्होल्ट. डायोडच्या नजरेने त्याने एक मायक्रोअँपिअर सोडला आणि त्याच्यावर फक्त पाच मायक्रोव्होल्ट उभे राहिले. म्हणजे त्याला दिसणारा रोध पाच ओहम. एक मेगाओहम डोळ्यांसमोर लावलेला आहे, आउटपुटला त्याच्या हिशोबाने पुरता एक व्होल्ट मिळतो आहे, आणि डायोडला मात्र तो पाच ओहमसारखा वाटतो. आउटपुटचा रोध इथेही घटतो, कारण तार अजून आउटपुटच्या व्होल्टेजवरूनच घेतलेली आहे.

शंट जोडणीत विद्यार्थी हमखास अडखळतात ती जागा सांगतो. उणे इनपुटला सिग्नल एक किलोओहममधून दिला आणि फीडबॅकला शंभर किलोओहम लावला की शंभर पटीचा उलटा ॲम्प्लिफायर होतो. चिपचा इनपुट रोध मेगाओहममध्ये आहे म्हणून या सर्किटचाही तसाच असेल असं वाटतं. तो असतो एक किलोओहम. जोडाचा बिंदू फीडबॅकने जमिनीशी जखडून ठेवलेला आहे, त्यामुळे सिग्नलला दिसतो तो फक्त त्याच्या आधीचा रोध. दहा किलोओहमच्या स्रोतापुढे हे सर्किट लावलं तर शंभरऐवजी जेमतेम नऊ पट मिळते, आणि मग लोक चांगली चिप खराब समजून फेकून देतात.

आउटपुटच्या बाजूलाही असाच पर्याय आहे. तार व्होल्टेजवरून न घेता आउटपुटच्या करंटवरून घेता येते. भाराच्या वाटेत छोटा रोध एकसर घालायचा आणि त्याच्यावरचं व्होल्टेज परत पाठवायचं. मग फीडबॅक करंट स्थिर ठेवतो आणि आउटपुटचा रोध घटण्याऐवजी वाढतो. साखर कारखान्यात बॉयलरच्या दाबाचं माप नियंत्रण कक्षात ४ ते २० मिलिअँपिअरच्या रूपात जातं, ते याच तत्त्वावर. तार पन्नास मीटर असो की पाचशे, तिच्या रोधाने माप बदलत नाही. अर्थात २४ व्होल्टच्या पुरवठ्यातले बारा व्होल्ट यंत्राला स्वतःला लागत असतील, तर वाटेतला एकूण रोध ६०० ओहमपुढे गेला की २० मिलिअँपिअर वाहूच शकत नाहीत.

राहिली बँडविड्थ, आणि गुंतागुंत तिच्यातच आहे. ७४१ ची दोन लाख पट फार मंद सिग्नललाच मिळते. चिपमध्ये मुद्दाम बसवलेल्या ३० पिकोफॅरडच्या कॅपॅसिटरमुळे ५ हर्ट्झपासूनच पट उतरू लागते: ५० हर्ट्झला वीस हजार, १ किलोहर्ट्झला एक हजार, १० किलोहर्ट्झला शंभर, आणि एक मेगाहर्ट्झला एक. आपण शंभरच पट मागितली असल्यामुळे चिपकडे शंभरपेक्षा भरपूर जास्त शिल्लक आहे तोवर आउटपुट हलत नाही. ते १० किलोहर्ट्झला खऱ्या अर्थाने खचतं. तिथे ते सत्तर टक्क्यांवर येतं. ५ हर्ट्झची बँडविड्थ १० किलोहर्ट्झ झाली. पुन्हा तेच दोन हजार.

पण मग एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा, जो बऱ्याच पुस्तकांत पुढच्या पानावर ढकललेला असतो. रोध सुधारणारी दोन हजारांची शिल्लक आणि बँडविड्थ वाढवणारी शिल्लक एकच असेल, तर वारंवारता वाढताना ती दोन्हींसाठी एकदमच संपणार ना? तसंच होतं. १ किलोहर्ट्झला चिपची पट एक हजार आहे, त्यातली शंभर आपली, शिल्लक दहा. तिथे आउटपुटचा रोध ०.०३७५ ओहम नसून साडेसात ओहमच्या आसपास असतो, आणि चार गिगाओहमचा इनपुट वीस मेगाओहमवर आलेला असतो. पट मोजणाऱ्याला अजून सगळं ठीक दिसतं, कारण शंभराच्या जवळपास शंभर मिळत असते. रोध मात्र ५ हर्ट्झपासूनच ढासळत आलेले असतात. म्हणून ‘बँडविड्थ १० किलोहर्ट्झ, आउटपुट रोध ०.०४ ओहम’ अशी दोन वाक्यं एका दमात लिहिली की वाचणारा फसतो. ती एकाच वारंवारतेची नाहीत.

फोटोडायोडच्या सर्किटलाही हे लागू आहे. डायोडची धारिता १०० पिकोफॅरड धरली, तर एक मेगाओहमच्या साध्या रोधासोबत ती १.६ किलोहर्ट्झला दम तोडते. शंट फीडबॅकने रोध पाच ओहम दिसतो म्हणून बँडविड्थ दोन लाख पट वाढेल ही आशा फोल ठरते. तीन मेगाहर्ट्झच्या चिपने ती सत्तर किलोहर्ट्झच्या आसपास जाते, चाळीसेक पट. तीही नीट वागत नाही. उजेड एकदम पडला की आउटपुट वर उसळून थरथरतं. एक मेगाओहमला समांतर दोन-तीन पिकोफॅरड लावले की थरथर थांबते.

अशी थरथर ७४१ च्या आउटपुटलाही येते, आणि तिचं मूळ नुकत्याच पाहिलेल्या गोष्टीत आहे. वारंवारतेबरोबर वाढत जाणारा रोध म्हणजे कॉइलचं वागणं. आपल्या शंभर पटीच्या सर्किटचं आउटपुट, चिपमध्ये एकही कॉइल नसताना, १.२ मिलिहेन्रीच्या कॉइलसारखं वागतं. पूर्ण फीडबॅक देऊन एक पट घेतली तर बारा मायक्रोहेन्रीसारखं. त्यापुढे १० नॅनोफॅरडची धारिता आली, समजा लांब शिल्डेड केबलची, तर कॉइल आणि कॅपॅसिटर मिळून ४६० किलोहर्ट्झच्या आसपास झुलू लागतात. ऑसिलोस्कोपवर चौकोनी लाटेच्या प्रत्येक कोपऱ्यावर विरत जाणारी नागमोडी शेपटी दिसते. धारिता आणि चिप यांचा मेळ वाईट जमला तर ती विरतच नाही. स्कोप नसेल तर खूण अशी की केबल जोडताच डीसी माप किंचित सरकतं किंवा चिप विनाकारण गरम होते.

उपाय आउटपुट आणि केबल यांच्यात पन्नास ते शंभर ओहमचा रोध घालण्याचा. फीडबॅकची तार त्याच्या आधीच, चिपच्या पायावरच ठेवायची. केबल आता वर्तुळाबाहेर गेली, झुलणं थांबलं, पण फीडबॅकने कमावलेला लहान आउटपुट रोधही गेला. पुढच्या यंत्राला आता तो पन्नास ओहम दिसतो. मापनाच्या यंत्रात एवढंही चालत नसेल तेव्हा फीडबॅक दोन वाटांनी आणतात. मंद सिग्नलसाठी एका रोधातून त्या पन्नास ओहमच्या पलीकडून, केबलच्या टोकावरून; आणि वेगवान सिग्नलसाठी छोट्या कॅपॅसिटरमधून थेट चिपच्या पायावरून. मंद वारंवारतेला, जिथे शिल्लक भरपूर आहे, पन्नास ओहमही त्या दोन हजारांनी भागला जातो. वरच्या वारंवारतेला, जिथे शिल्लक उरलेलीच नसते, चिपला केबल दिसत नाही.